पुरवठादाराला दिलेला ॲडव्हान्स बिलातून नीट वळता कसा करायचा

ऑर्डर देताना पुरवठादाराला ॲडव्हान्स दिला. दीड-दोन महिन्यांनी माल आला, मागोमाग बिल आलं. बिल पूर्ण रकमेचं होतं. बिल पास करणाऱ्याने माल मोजून आलाय एवढं पाहिलं आणि पेमेंट करणाऱ्याने पास झालेलं बिल पाहून सगळी रक्कम पाठवली. ॲडव्हान्स तिकडे पडून राहिला, आणि वर्षअखेरीला कुणीतरी यादी काढली तेव्हा तो सापडला. यात कुणाचीच नियत वाईट नसते. ॲडव्हान्सचा कागद आणि बिलाचा कागद यांना जोडणारा धागा कुणी घातलेला नसतो, एवढंच.

हा लेख त्या धाग्याबद्दल आहे, आणि त्यातही सर्वांत जास्त चुका होतात त्या प्रकाराबद्दल: एकच ऑर्डर, एकच ॲडव्हान्स, पण माल हप्त्याहप्त्याने येतो. सगळा माल एका खेपेत आला तर चूक करायला फार वाव नसतो. तीन खेपा, थोडा नाकारलेला माल आणि शेवटी काही नग आलेच नाहीत, असं झालं की हिशेब बिघडतो.

आपण सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. ऑर्डर क्रमांक ११८: ५०० व्हॉल्व्ह, दर ४००, एकूण २,००,०००. ॲडव्हान्स ३० टक्के, म्हणजे ६०,०००. आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून कर धरलेला नाही.

## टप्पा १: ऑर्डरमध्येच वळतीची अट लिहा

बहुतेक ऑर्डरींवर "३० टक्के ॲडव्हान्स, बाकी माल मिळाल्यावर" एवढंच असतं. एकाच खेपेसाठी हे पुरतं. तीन खेपांसाठी पुरत नाही, कारण पहिल्या बिलातून किती कापायचे हे त्यात कुठेच नाही.

दोन पद्धती चालतात. एकीत पहिल्या बिलापासून ॲडव्हान्स संपेपर्यंत सगळा कापून घेतात. ८०,००० चं पहिलं बिल आलं तर ६०,००० वळते होतात आणि २०,००० द्यायचे राहतात. खरेदीदारासाठी ही सुरक्षित पद्धत, कारण त्याचे पैसे पहिल्याच खेपेत मोकळे होतात. पण पुरवठादाराने ॲडव्हान्स घेतलेला असतो पुढच्या खेपांचा कच्चा माल भरायला. त्याचा हात पहिल्याच बिलात आखडतो आणि तो सहसा याला तयार होत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक बिलातून त्याच टक्क्याने कापतात. माझं मत विचाराल तर नेहमीच्या पुरवठादाराशी दुसरी पद्धत ठेवावी, पण तिच्यासोबत शेवटच्या बिलाची अट हवीच. ती का, ते टप्पा ६ मध्ये दिसेल.

ऑर्डरवर असा मजकूर टाका:

> ॲडव्हान्स: ऑर्डरच्या करपूर्व रकमेच्या ३० टक्के. वळती: प्रत्येक बिलाच्या करपूर्व पूर्ण रकमेवर ३० टक्के, नाकारलेल्या मालाची वजावट करण्याआधी. शेवटच्या बिलातून उरलेला सगळा ॲडव्हान्स वळता होईल. ऑर्डर रद्द झाल्यास किंवा माल कमी आल्यास न वळलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत परत करावी लागेल.

मुदतीच्या जागी दिवसांचा आकडा घाला. "करपूर्व" हा शब्द गाळू नका. एका बाजूने करासह रकमेवर ३० टक्के धरले आणि दुसऱ्या बाजूने कराशिवाय, तर दोन्ही खात्यांत कायमचा फरक राहतो आणि दर महिन्याला त्यावरून पत्रापत्री होते.

तपासा: ॲडव्हान्स मोठा असेल आणि त्यापोटी बँक गॅरंटी घेतली असेल, तर तिची मुदत शेवटच्या खेपेच्या तारखेनंतरही चालू राहते ना? माल लांबला की ऑर्डरची तारीख वाढवतात, गॅरंटीची वाढवायची राहून जाते.

## टप्पा २: ॲडव्हान्स देताना

पुरवठादार ॲडव्हान्ससाठी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाठवतो. तो दिसायला बिलासारखा असला तरी ती फक्त पैशाची मागणी आहे. माल हलला नाही, देणं उभं राहिलं नाही. प्रोफॉर्मा खरेदी म्हणून नोंदवला तर पुढे खरं बिल आल्यावर तीच खरेदी दुसऱ्यांदा नोंदली जाते. म्हणून प्रोफॉर्मा आला की त्यावर ठळक "ॲडव्हान्स मागणी – खरेदी नाही" असा शिक्का मारा किंवा हाताने लिहा. छोटी गोष्ट आहे, पण बिलांच्या गठ्ठ्यात तो कागद चुकून गेला तरी नोंद करणाऱ्याचा हात थांबतो.

पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी जुळवा. प्रोफॉर्मावर आपला ऑर्डर क्रमांक आहे का? रक्कम ऑर्डरमधल्या टक्क्याप्रमाणे आहे का? आणि बँक खातं आपल्याकडे आधीपासून नोंदलेलंच आहे का?

सावधान: "आमचं बँक खातं बदललं आहे" असा मेल आला तर त्याच मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, ओळखीच्या माणसाशी बोला. ॲडव्हान्सच्या वेळी फसवणूक सोपी असते, कारण हातात माल आलेला नसतो.

## टप्पा ३: ॲडव्हान्सची नोंद, ऑर्डर क्रमांकासह

नोंद सोपी आहे:

```
पुरवठादार ॲडव्हान्स खाते      नावे   ६०,०००
    बँक खाते                  जमा   ६०,०००
(ऑर्डर क्र. ११८ पोटी ॲडव्हान्स)
```

ॲडव्हान्स हे आपलं येणं आहे. पुरवठादाराकडून आपल्याला माल किंवा पैसे यायचे आहेत. त्यामुळे तो खरेदीत किंवा मालसाठ्यात टाकायचा नाही, आणि त्याच पुरवठादाराच्या जुन्या बिलांच्या देण्यातूनही वजा करून दाखवायचा नाही.

खरी मेख कंसातल्या ओळीत आहे. मी एका ठिकाणी काम करत असताना एका पुरवठादाराच्या तीन ऑर्डरी एकाच वेळी चालू होत्या. दुसऱ्या ऑर्डरीचा ॲडव्हान्स दिला तेव्हा नोंदीत फक्त पुरवठादाराचं नाव होतं. पुढे पहिल्या ऑर्डरीचं बिल आलं, नोंद करणाऱ्याला खात्यात ॲडव्हान्स दिसला, त्याने तो तिथेच वळता केला. मग दुसरी ऑर्डर रद्द झाली आणि आम्ही पैसे परत मागितले. पुरवठादाराच्या अकाउंट्समधल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "साहेब, ती रक्कम तर तुम्हीच जुन्या बिलात कापलीत, मग त्या बिलाची बाकी द्या आधी." त्यांचं बरोबर होतं. पैसे बुडाले नाहीत, पण कुठली रक्कम कशापोटी हे उलगडायला तीन फायली आणि दोन दिवस लागले, आणि तोवर आम्ही चुकीच्या माणसावर संशय घेऊन बसलो होतो.

टॅलीमध्ये पुरवठादाराच्या खात्याला बिलवार तपशील चालू ठेवा आणि पेमेंट व्हाउचरमध्ये संदर्भाचा प्रकार `Advance` निवडा, `On Account` नको. संदर्भाच्या नावात ऑर्डर क्रमांक येऊ द्या, उदाहरणार्थ `PO118-ADV`. `On Account` ठेवलेली रक्कम कशाशीच बांधलेली नसते.

सॅपमध्ये ॲडव्हान्स `F-48` ने, स्पेशल जी/एल निर्देशक घालून जातो. तिथे एक खाचखळगा आहे: पुरवठादाराच्या नोंदी `FBL1N` मध्ये पाहताना `Special G/L transactions` वर खूण केली नाही, तर ॲडव्हान्स यादीत दिसतच नाही. बिल पास करणारा प्रामाणिकपणे यादी बघतो, त्याला काहीच सापडत नाही, आणि तो पूर्ण रक्कम सोडतो. ही खूण कायमची राहील असा सिलेक्शन व्हेरियंट करून ठेवा.

## टप्पा ४: माल आला की आधी मोजणी, मग नोंद

गेटवर गाडी आल्यापासून मालाच्या तीन संख्या तयार होतात: चलनावरची, मोजून मिळालेली आणि तपासणीत पास झालेली. मालपावतीवर, म्हणजे जीआरएनवर, तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. "२५० मिळाले" एवढंच लिहिलं आणि त्यातले २० नंतर नाकारले, तर बिल पास करणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

जीआरएनवर ऑर्डर क्रमांक छापलेला असतोच. त्याच्या शेजारी "या ऑर्डरवर ॲडव्हान्स आहे: होय / नाही" असा एक रकाना ठेवा. गोडाऊनच्या माणसाने तो भरायचा नाही. ऑर्डर सिस्टिममध्ये भरतानाच तो भरला गेला पाहिजे आणि जीआरएनवर आपोआप उमटला पाहिजे. कागदी पद्धत असेल तर ऑर्डरची जी प्रत गोडाऊनला जाते तिच्यावरच हा शिक्का मारून द्या.

सावधान: माल आला, बिल अजून आलेलं नाही, अशा वेळी ॲडव्हान्स वळता करायची घाई करू नका. महिनाअखेर असेल तर मालाचं देणं अंदाजाने नोंदवा, पण ॲडव्हान्स जिथे आहे तिथेच राहू द्या. वळती बिलासमोरच करायची, कारण पुरवठादारही आपल्या वहीत ती बिलासमोरच करणार आहे.

## टप्पा ५: बिल पूर्ण रकमेने नोंदवा

पहिल्या खेपेत २०० व्हॉल्व्ह आले, सगळे पास झाले. बिल ८०,००० चं. काही पुरवठादार बिलातच "वजा ॲडव्हान्स २४,०००, देय ५६,०००" असं लिहून पाठवतात. इथे नवखा माणूस ५६,००० ची खरेदी नोंदवतो, कारण बिलाच्या तळाशी तोच आकडा असतो. मग २०० व्हॉल्व्ह ५६,००० ला पडले असं स्टॉकमध्ये दिसतं, म्हणजे नग २८० ला. दर उतरलेला पाहून कुणी खूश होण्याआधी हे लक्षात आलं तर बरं, कारण ॲडव्हान्स खात्यात ६०,००० जसेच्या तसे उभे असतात.

नोंदी दोन आणि याच क्रमाने:

```
मालसाठा खाते                  नावे   ८०,०००
    पुरवठादार खाते             जमा   ८०,०००

पुरवठादार खाते                नावे   २४,०००
    पुरवठादार ॲडव्हान्स खाते    जमा   २४,०००
```

टॅलीमध्ये वेगळी दुसरी नोंद लागत नाही. खरेदी व्हाउचरमध्ये बिलवार तपशील विचारला जातो तेव्हा ८०,००० चे दोन तुकडे करा: `Agst Ref` निवडून `PO118-ADV` समोर २४,०००, आणि उरलेले ५६,००० `New Ref` म्हणून बिलाच्या क्रमांकाने. सॅपमध्ये बिल नेहमीसारखं नोंदवून मग `F-54` ने वळती करायची. हे दोन वेगळे टप्पे असल्यामुळे दुसरा विसरण्याची शक्यता जास्त, म्हणून वळती होईपर्यंत बिलावर पेमेंट ब्लॉक ठेवलेला बरा.

तपासा: वळतीनंतर ॲडव्हान्स खात्यात या ऑर्डरपोटी ३६,००० उरले पाहिजेत आणि पुरवठादाराला ५६,००० देणं दिसलं पाहिजे. यातला एक जरी आकडा जुळला नाही तर पेमेंट थांबवा.

## टप्पा ६: नाकारलेला माल आणि शेवटची खेप

दुसऱ्या खेपेत २५० व्हॉल्व्ह आले, बिल १,००,००० चं. तपासणीत २० नाकारले. त्यांची ८,००० ची डेबिट नोट काढली.

इथे प्रश्न येतो: ३० टक्के कशावर कापायचे, बिलाच्या १,००,००० वर की पास झालेल्या ९२,००० वर? दुसरं जास्त न्याय्य वाटतं, पण मी पहिलंच सुचवेन. कारण पुढे बघा.

तिसरी खेप येण्याआधी पुरवठादाराने कळवलं की नाकारलेल्या २० च्या बदली माल देतो, पण उरलेले ५० व्हॉल्व्ह आता देता येणार नाहीत. म्हणजे शेवटचं बिल फक्त २० नगांचं, ८,००० चं. पूर्ण बिलावर कापत आलो असू तर हिशेब असा बसतो:

| खेप | बिल | डेबिट नोट | वळती | द्यायचे | ॲडव्हान्स शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| १ (२०० नग) | ८०,००० | – | २४,००० | ५६,००० | ३६,००० |
| २ (२५० नग, २० परत) | १,००,००० | ८,००० | ३०,००० | ६२,००० | ६,००० |
| ३ (२० नग) | ८,००० | – | ६,००० | २,००० | ० |

तिसऱ्या ओळीत ३० टक्क्यांनी २,४०० च कापले गेले असते आणि ३,६०० मागे राहिले असते. शेवटच्या बिलाची अट होती म्हणून उरलेले सगळे ६,००० कापता आले.

आता दुसरी पद्धत लावून बघा. दुसऱ्या बिलात ९२,००० वर ३० टक्के, म्हणजे २७,६०० कापले असते. ॲडव्हान्स शिल्लक ८,४०० राहिला असता आणि शेवटचं बिल फक्त ८,००० चं. बिल सगळं खाऊनही ४०० उरतात, आणि ते आता परत मागावे लागतात. रक्कम लहान आहे म्हणून उदाहरणात ती क्षुल्लक दिसते. मोठ्या ऑर्डरीत हाच फरक महिनोन्‌महिने अडकून पडतो. ॲडव्हान्स जितका लवकर मोकळा होईल तितकं बरं, एवढाच यामागचा विचार.

एक उलट बाजूही सांभाळा. ठरलेले सगळे ५०० नग आले असते, वर २० च्या बदलीचं वेगळं बिल आलं असतं, तर बिलांची बेरीज २,०८,००० झाली असती आणि तिचे ३० टक्के ६२,४००. दिलेल्या ॲडव्हान्सपेक्षा जास्त कापता येत नाही. म्हणून प्रत्येक बिलाला आधी शिल्लक बघायची आणि टक्क्याने येणारा आकडा व शिल्लक यांतला लहान तो कापायचा.

सावधान: डेबिट नोट आणि ॲडव्हान्सची वळती एकाच नोंदीत मिसळू नका. दुसऱ्या बिलातून एकूण ३८,००० कापले गेले हे खरं, पण त्यातले ३०,००० आपलेच आधी दिलेले पैसे आहेत आणि ८,००० परत गेलेल्या मालाचे. "३८,००० ॲडव्हान्स वळती" असं लिहिलं की ॲडव्हान्स खात्यात कागदोपत्री उणे शिल्लक दिसू लागते.

## टप्पा ७: पैसे सोडण्याआधीचं शेवटचं बघणं

पेमेंट करणारा माणूस बिल पास करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा आणि त्याने एकच प्रश्न विचारावा: या ऑर्डरवर ॲडव्हान्स दिला होता का, आणि त्यातला किती शिल्लक आहे? पुरवठादाराच्या नावाने शोधू नका, ऑर्डर क्रमांकाने शोधा.

बिलावर ऑर्डर क्रमांकच नसेल तर ते बिल परत पाठवा. हे कठोर वाटतं आणि पुरवठादार फोन करून चिडतात, पण दुहेरी पेमेंटची सुरुवात बहुधा अशाच बिलातून होते. आपण अंदाजाने क्रमांक टाकला तर तो अंदाज पुढे कुणी तपासत नाही.

पैसे पाठवताना सोबतच्या सूचनेत तीन ओळी जाऊ द्या: बिलाची रक्कम, डेबिट नोट, वळता केलेला ॲडव्हान्स. पुरवठादाराला फक्त ६२,००० जमा दिसले तर तो आपल्या वहीत ३८,००० येणे बाकी ठेवतो आणि पुढच्या महिन्यात त्याचं स्मरणपत्र येतं.

## टप्पा ८: ऑर्डर बंद करणे

ऑर्डर बंद करण्याआधी एक बेरीज करा. आपल्या उदाहरणात स्वीकारलेला माल २०० + २३० + २० = ४५० नग, किंमत १,८०,०००. दिलेले पैसे ६०,००० + ५६,००० + ६२,००० + २,००० = १,८०,०००. दोन्ही बाजू जुळल्या, ॲडव्हान्स शून्य झाला, तरच न आलेले ५० नग रद्द करून ऑर्डर बंद करा. उलट क्रमाने, म्हणजे आधी ऑर्डर बंद करून मग हिशेब, असं केलं तर ती ऑर्डर "चालू" यादीतून निघून जाते आणि तिच्यावरचा ॲडव्हान्स कुणाच्याच नजरेसमोर राहत नाही.

दर महिन्याला उघड्या ॲडव्हान्सची यादी काढा, पण ती पुरवठादारवार न काढता ऑर्डरवार काढा आणि प्रत्येक रकमेसमोर माल येण्याची तारीख लिहा. तारीख उलटून गेली आणि माल आला नाही, तर खरेदी विभागाला विचारायचं. माल आला आहे आणि तरीही ॲडव्हान्स उभा आहे, तर खरेदीला विचारू नका; वळती राहिली आहे किंवा पूर्ण रक्कम गेली आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच व्हाउचरमध्ये आहे. पूर्ण रक्कम गेली असेल तर ती परत मागा, किंवा पुढच्या ऑर्डरीत वळती करायची असेल तर पुरवठादाराचं तसं लेखी घ्या आणि संदर्भ नव्या ऑर्डर क्रमांकावर बदलून नोंदवा.